घड्याळ निवडताना मी मांडलेला सेन्सर आणि बॅटरीचा हिशेब

मॉडेल्स बघण्याआधी मी माझी गरज कागदावर लिहून काढली. फोन घरी ठेवून पळायला जायचं आणि तरी अंतर नीट कळायला हवं. जोरात पळणं आणि मधे सावकाश पळणं असा आलटून पालटून व्यायाम करताना हृदयाचे ठोके भरवशाचे मिळायला हवेत. रात्री झोपेची नोंद व्हायला हवी. ईसीजी, रक्तातला ऑक्सिजन, ताणाचा आकडा यांतलं काहीच माझ्या यादीत नव्हतं, त्यामुळे निम्मी महागडी मॉडेल्स तिथेच गळली.

पहिली चाळणी जीपीएसची. बऱ्याच फिटनेस बँडच्या खोक्यावर जीपीएस असं लिहिलेलं असतं, पण ते फोनचं जीपीएस वापरतात. फोन सोबत नसेल तर असा बँड हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतो आणि अंदाजे पावलाच्या लांबीने गुणून अंतर सांगतो. वेग बदलला की पावलाची लांबी बदलते आणि हा अंदाज घसरतो. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे फोन बंद करून मोकळ्यावर थोडं पळायचं आणि नंतर ॲपमध्ये रस्त्याची रेघ उमटते का ते बघायचं. मी मित्राचा बँड मागून हेच केलं. अंतर दिसलं, रेघ नव्हती. म्हणजे मला जीपीएस आतच असलेलं घड्याळ लागणार होतं.

त्याच बँडवर ठोक्यांचंही बघून घेतलं. मनगटावरचा सेन्सर त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त तो शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पळताना हात हलतो तेव्हाही परत येणारा प्रकाश बदलतो आणि कधीकधी सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांची लयच पकडून बसतो. हे ओळखता येतं. आरामात पळत असताना सुरुवातीच्या काही मिनिटांतच आकडा १७० च्या आसपास जाऊन तिथेच चिकटला आणि पावलंही मिनिटाला तेवढीच पडत असतील, तर तो आकडा हृदयाचा नाही. मी थांबून लगेच मानेवर बोटं ठेवली, १५ सेकंद ठोके मोजले आणि चारने गुणले. उत्तर १४० च्या जवळ आलं. पट्टा घट्ट करून मनगटाच्या हाडाच्या थोडा वर सरकवला की सावकाश पळताना आकडे सुधारले, पण जोराच्या छोट्या टप्प्यांत ते मागेच राहत होते. टप्पा संपत आला की आकडा वर चढायचा.

इथे माझा निर्णय पक्का झाला. या कामाला छातीचा पट्टा हवा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो. मग घड्याळाच्या माहितीत मी एकच गोष्ट शोधली: बाहेरचा हार्ट रेट सेन्सर ब्लूटूथने जोडता येतो का? ही ओळ बारकाईने वाचावी लागते. काही बँड स्वतःचे ठोके दुसऱ्या उपकरणाला पाठवतात, पण पट्ट्याकडून घेऊ शकत नाहीत. मला घेणारं हवं होतं.

उरली बॅटरी. एका मॉडेलवर १४ दिवस आणि जीपीएस चालू असताना २० तास असे आकडे होते. त्यातून मी माझा आठवडा मांडला. २० तासांत पूर्ण बॅटरी संपते, म्हणजे तासाला ५ टक्के. आठवड्यात माझं पळणं ५ तासांचं, म्हणजे २५ टक्के. १४ दिवसांत पूर्ण संपते, म्हणजे आठवड्याला ५० टक्के. एकूण ७५. आठवड्यातून एकदा चार्ज करून चालणार होतं. पण स्क्रीन कायम चालू ठेवली तर त्याच घड्याळाचे दिवस १४ वरून ६ वर येत होते, म्हणजे आठवड्याला जवळपास ११७ टक्के आणि वर पळण्याचे २५. तेव्हा मनगट उचलल्यावरच स्क्रीन उजळेल अशी सेटिंग ठेवायचं ठरवलं.

वापराने लिथियम बॅटरीची क्षमता कमी होत जाते, हेही धरलं. ती ८० टक्क्यांवर आली तरी माझा ७५ चा आठवडा बसत होता, जेमतेम. रात्रभर ऑक्सिजन मोजण्याची सोय बॅटरी बरीच खाते आणि कंपनीच्या १४ दिवसांत ती धरलेली नव्हती. तळटीपेत तसं लिहिलं होतं. ती मी पहिल्याच दिवशी बंद केली. आता सुट्टीच्या दिवशी आंघोळीला जाताना घड्याळ चार्जिंगला लावतो, त्यामुळे झोपेची नोंद एकाही रात्री तुटत नाही.