राहू द्या दादा, कळलं

आमच्या मेडिकलचा व्हॉट्सॲप नंबर बिलावर छापलेला आहे, त्यामुळे दिवसभर मेसेज येत राहतात. चिठ्ठीचे फोटो, 'उघडं आहे का', 'ती मागची गोळी परत पाहिजे' असलंच सगळं. त्यातच एक प्रकार असतो अर्धवट प्रश्नाचा. 'एक विचारायचं होतं' असं येतं, आणि मी फोन हातात घेईपर्यंत खाली 'राहू द्या' येऊन पडलेलं असतं. बहुतेक वेळा खरंच राहू देण्यासारखंच असतं. शुगरच्या पट्ट्या आल्या का म्हणून विचारणारे एक काका प्रश्न पाठवून चालत दुकानातच येतात आणि काउंटरवर उभे राहून 'राहू द्या' टाईप करतात. अशांना मी अंगठा दाखवतो आणि कामाला लागतो.

गेल्या पावसाळ्यातला एक गुरुवार मात्र मला चांगलाच लक्षात आहे. सकाळी पावणेअकराच्या सुमारास मेसेज आला, "दादा तापाचं औषध टोपणानेच द्यायचं असतं ना". मिनिटाभरात दुसरा, "राहू द्या दादा कळलं", पुढे नमस्काराचा हात.

नंबर ओळखीचा होता. जवळच्याच वाडीवरचं घर, बाळ सव्वा वर्षाचं. सोमवारी बाळाच्या वडिलांनी माझ्याकडूनच औषध नेलं होतं. चिठ्ठीवर वजन १० किलो आणि पॅरासिटामॉलचं सिरप, ताप असेल तरच, ५ मिली, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. ५ मिलीमागे १२५ मिलिग्रॅमचं सिरप, बाटली ६० मिलीची, सोबत रेघा असलेलं प्लास्टिकचं टोपण.

आता टोपणाचा प्रश्न पहिल्या दिवशी पडतो. तीन दिवस त्याच टोपणाने औषध देणाऱ्या बाईला तो गुरुवारी का पडावा? मी मनातल्या मनात बाटली मोजली. दिवसाला चार डोस म्हणजे २० मिली, तीन दिवसांत ६० मिली. बाटली बुधवारी संपलेली असणार. माझ्याकडून नवी गेली नव्हती. म्हणजे घरात दुसरीकडून काहीतरी आलं होतं, आणि ते हातात घेतल्यावर तिला शंका आली होती. ती शंका मग घरातल्याच कुणीतरी मोडून काढली होती, कारण मिनिटात 'कळलं' म्हणायला मी तर उत्तर दिलेलं नव्हतं.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल दोन तऱ्हेने मिळतं. एक सिरप, एक ड्रॉप्स. ड्रॉप्सची बाटली १५ मिलीची, त्यात प्रत्येक मिलीत १०० मिलिग्रॅम. अगदी लहान बाळाच्या तोंडात थोडंच औषध जावं म्हणून ते दाट केलेलं असतं आणि सोबत ड्रॉपर देतात, टोपण नाही. सिरपच्या एका मिलीत २५ मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉप्स चौपट. खोका दोन्हींचा सारखाच रंगीत, वास गोड, आणि लोक काउंटरवर मागतात ते 'बाळाचं तापाचं औषध'. समोरच्याने वजन न विचारता जे हाताला लागेल ते दिलं की झालं.

मेसेजला काय लिहायचं हा खरा प्रश्न होता. 'काय झालं?' विचारलं तर 'काही नाही दादा' हेच येणार, कारण तिने तो विषय स्वतःच मिटवला होता. 'नीट सांगा' लिहिलं तर ते ओरडल्यासारखं वाटतं. लगेच फोन करावा, तर तिने फोन न करता मेसेज केला होता, म्हणजे आजूबाजूला माणसं असणार. सासूबाईंसमोर 'हो का, बरं' एवढंच बोलून तिने फोन ठेवला असता. शिवाय तिला बोलतं करण्याआधी एक गोष्ट थांबवायची होती, ती म्हणजे पुढचा डोस.

म्हणून मी लिहिलं, "वहिनी, टोपणाने द्यायचं ते मोठ्या बाटलीतलं सिरप. छोट्या बाटलीचं औषध दाट असतं, ते टोपणाने देत नाहीत. आता डोस द्यायचा असेल तर दहा मिनिटं थांबा, उशीर झाला तरी चालतो. बाटलीचा फोटो टाका, मी सांगतो."

यात तिने अर्धवट विचारलेल्याचं पूर्ण उत्तर होतं. आणि तिच्याकडून मागितलं होतं ते एका बोटाने होणारं काम, ज्यात काही कबूल करावं लागत नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दहा मिनिटांत काही आलं नसतं तर मी तिच्या नवऱ्याला फोन लावणार होतो, तिला नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी एका डोळ्याने फोन बघत पट्ट्या कापत होतो.

फोटो आला. ड्रॉप्सच. १५ मिली, लेबलवर १०० मिलिग्रॅम प्रति मिली, शेजारी आमच्याकडच्या संपलेल्या सिरपचं टोपण. ड्रॉपर कुठे दिसत नव्हता. नंतर कळलं की सासरे बुधवारी बाजाराला गेले तेव्हा तिथल्याच दुकानातून बाटली घेऊन आले, आणि खोका रस्त्यातच टाकून दिला, त्यात ड्रॉपर गेला.

'किती दिलंत?' असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नाला माणूस आठवून नाही, सुचेल ते सांगतो, आणि घाबरलेला माणूस कमी सांगतो. मी विचारलं, "टोपण कुठल्या रेघेपर्यंत भरलं?" उत्तर आलं, ५ च्या. मग लिहिलं, "बाटली खिडकीपाशी उजेडात धरून अजून एक फोटो टाका." काचेतून पातळी दिसली, तळाला जेमतेम तिसरा हिस्सा. १५ पैकी ५ उरले, १० गेले, म्हणजे दोन डोस. तिनेही मग तेच सांगितलं, रात्री दहाला एक आणि पहाटे पाचला एक. तिसरा अकराला द्यायचा होता, तो टोपणात भरूनच ठेवला होता म्हणे, फोटोसाठी परत बाटलीत ओतला. नाहीतर बाटली रिकामीच दिसली असती.

दोन डोस म्हणजे १००० मिलिग्रॅम. बुधवारी दुपारी चारचा सिरपचा शेवटचा डोस १२५ चा. म्हणजे चोवीस तासांत ११२५, दहा किलोच्या बाळाला किलोमागे साधारण ११२ मिलिग्रॅम. एका वेळी किलोमागे १५ आणि दिवसभरात ७५ च्या आत, असं आम्ही धरतो. अकराचा डोस गेला असता तर आकडा किलोमागे १६० च्या पुढे गेला असता.

एकदाच चुकून जास्त गेलं तर सव्वा वर्षाच्या निरोगी बाळाच्या बाबतीत किलोमागे २०० च्या खाली सहसा धोका मानत नाहीत. त्या हिशेबाने बाळ काठाच्या बरंच आत होतं. पण इथे एकदाच नव्हतं, पाठोपाठ होतं, आणि तीन दिवसांचा ताप होता. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी होतो, आणि यकृत तो ग्लुटाथायोन नावाच्या पदार्थाने बाद करतं. उपाशी, आजारी बाळात हा साठा आधीच कमी झालेला असतो. म्हणून मी पुढचं विचारलं, बाळ खातंय का. "कालपासून काहीच नाही, दूध पण ओकलं सकाळी." ओकणं तापाचंही असेल. पण औषध जास्त झाल्यावर पहिल्या दिवशी दिसलंच तर एवढंच दिसतं, पुष्कळदा तेवढंही नाही. यकृताला त्रास झालाच तर तो रक्तात सापडायला दिवस जातो. तेव्हा 'बाळ खेळतंय' यावर विसंबता येत नाही.

मी लिहिलं, "हे औषध आता अजिबात देऊ नका, दुसरंही तापाचं काही नको, सर्दीच्या औषधात पण हेच असतं. ताप वाढला तर कोमट पाण्याने अंग पुसा. दोन्ही बाटल्या पिशवीत घाला आणि बाळाला डॉक्टरांकडे आणा. मी त्यांना फोन करून ठेवतो." मग ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मी जोडलं, "खोक्याविना बाटली आली की कुणाचंही होतं. तुम्ही विचारलंत म्हणून तिसरा डोस थांबला." हे मी तिचं मन राखायला लिहिलं नव्हतं. घरात नंतर कुणी 'तुला कळत नव्हतं का' म्हणणार, ते मला दिसत होतं, आणि माझा मेसेज तिला दाखवता यावा असं वाटलं.

त्यानंतर मात्र मी फोन केला, तिला आणि डॉक्टरांना. डॉक्टरांना सांगताना आधी वजन, मग दोन्ही औषधांची ताकद, मग डोस घड्याळाच्या वेळेसकट, मग उलटी. ते म्हणाले, "पाठव, उपाशीही आहे म्हणतोस, तपासून घेतो." रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी आमच्या गावात निघत नाही. आणि ती पाहून उपचार ठरवायचा जो तक्ता आहे, तो एकाच वेळी घेतलेल्या डोससाठी आहे, असं पाठोपाठ दिलेलं त्यावर मांडता येत नाही. त्यांनी यकृताची एसजीपीटी आणि रक्त गोठण्याची तपासणी केली, सलाईन लावलं आणि बाळाला रात्रभर ठेवून घेतलं. उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टिन. तो वेळेत मिळावा म्हणून त्यांनी साताऱ्याच्या दवाखान्याशी बोलूनही ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत रक्त काढलं, दोन्ही रिपोर्ट नीट आले, उलटी थांबली आणि दुपारी बाळ घरी गेलं. ताप साधा व्हायरलचाच निघाला.

संध्याकाळी वहिनी स्वतः दुकानात आल्या, सासूबाईंना घेऊन. सासूबाई काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "मीच म्हटलं हिला, टोपणानेच असतं, आमची पोरं काय अशी मोजून वाढली का." मी म्हटलं, "आजी, तुमच्या वेळी हे चौपट दाट औषध घरात नव्हतं." मग नव्या सिरपच्या टोपणावर ५ च्या रेघेला मार्करने जाड खूण केली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी रात्रीपर्यंत काही द्यायचं नव्हतं आणि पुढेही ताप १००.४ च्या वर असेल तरच, ते बाटलीवर कागद चिकटवून लिहिलं. ड्रॉप्सची बाटली त्यांनी सोबत आणली होती. ती मी ठेवून घेतली.