“प्री-कूलिंगकडे बघ”

रॉटरडॅमजवळ एका फळांच्या आयातदाराकडे मी मालाची तपासणी करते. म्हणजे नाशिक सोडून आले तरी हंगामात नाशिकची द्राक्षं समोर असतातच, आणि पिंपळगाव बसवंतहून मावसभावाचे फोनही. यंदा त्याला पॅकहाउसचा मॅनेजर केलंय. गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर तोच बघतो, पनेट म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे तोच तोलतो आणि रात्री थर्मामीटर घेऊन कोल्ड स्टोअरमध्येही तोच! “ताई, सांगितलेलं कुणी करतच नाही गं.”

“तू सांगितलंस काय?”

“प्री-कूलिंगकडे बघ म्हटलं.”

प्री-कूलिंग म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल गार करणं. पण नुसतं बघ म्हटल्यावर माणूस बघतोच. दार बंद, पंखे चालू, झालं बघून.

मग रात्रपाळीच्या सुपरवायझरचं काम आम्ही फोनवरच नव्याने ठरवलं. सकाळी सहाला कंटेनर लागेल तेव्हा प्रत्येक पॅलेटमधल्या मण्याचं तापमान ४ अंशांच्या आत हवं. खोलीतल्या हवेचं नव्हे, मण्यात सुई खुपसून घेतलेलं. रीफर कंटेनर थंड माल थंड ठेवतो. गरम माल गार करणं त्याच्या आवाक्यातलं नाही. आधी कुठला पॅलेट घ्यायचा, माणसं कशी लावायची, हे सुपरवायझरनं ठरवायचं. रात्री अकराला मोजून आकडे व्हॉट्सॲपवर टाकायचे. तेव्हा कुठला पॅलेट १० अंशांच्या वर असेल किंवा वीज गेली तरच फोन. भावाने आकडे बघायचे आणि झोपायचं. (हे त्याला सर्वांत जड गेलं.)

दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. वहीत सगळीकडे ३ अंश, आणि पहाटे भावाने एका पॅलेटची मधली पेटी उघडली तर ७. सुपरवायझरनं वरच्याच पेट्या मोजल्या होत्या, जिथे गार हवा आधी पोचते. गाडी थांबवावी लागली. “बघ, म्हणूनच मी स्वतः करतो!” त्याला म्हटलं, थर्मामीटर परत घेऊ नकोस. कुठे मोजायचं हे आपण बोललोच नव्हतो. ‘मधल्या थरातली, आतली पेटी’ एवढंच वहीत वाढवलं आणि दोन पॅलेट दोघांनी मिळून मोजले.

पहिला आठवडा रात्री अकरा आणि पहाटे पाच, असं दोनदा विचारायचं ठरलं. आकडे जुळायला लागल्यावर पाचचं बंद केलं; त्याऐवजी भाऊ अधूनमधून एखादी पेटी स्वतः मोजतो. सुपरवायझर अजूनही कधीकधी “साहेब, आधी कुठला पॅलेट घेऊ?” म्हणून फोन करतो. ते तर त्याच्याच अखत्यारीतलं. अशा वेळी भावाने उत्तर देऊन टाकलं की दुसऱ्या रात्री पुन्हा फोन ठरलेला. म्हणून आता तो विचारतो, “तुझं काय म्हणणं?”

माल ४ अंशांवर आला नाही तर कंटेनर भरायचा की थांबवायचा, हा निर्णय मात्र भावाकडेच आहे. तिथे जहाज चुकण्याचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर रात्रपाळीच्या माणसाकडे मागणं अन्यायाचं.