शून्य सावली दिवसाचा व्हाइटबोर्ड व्हिडिओ करताना

शून्य सावली दिवस म्हणजे सूर्य माध्यान्हीला नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही तो दिवस. पुण्यात तो येतो 13-14 मेच्या सुमारास, म्हणजे ऐन सुट्टीत. मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात आणि शाळेच्या मैदानात मी एकटीच काठी रोवून उभी. हाच दिवस वर्षातून दुसऱ्यांदा येतो 29-30 जुलैला. तेव्हा शाळा सुरू असते, पण आभाळ भरलेलं. आठवीच्या मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायची सोय निसर्गानेच ठेवलेली नाही. म्हणून सुट्टी लागण्याआधी पालकांच्या ग्रुपवर टाकता येईल असा साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा ठरवला. पांढरा फळा, त्यावर चित्र काढणारा हात आणि मागे माझा आवाज. मुलांनी तो बघावा आणि जिथे असतील तिथे काठी रोवावी, एवढाच हेतू.

पहिला प्रश्न होता चित्र कुठून बघायचं याचा. पाठ्यपुस्तकी सवयीने हात आधी पृथ्वीचा गोल, कललेली आस आणि शेजारी सूर्य काढायला जातो. पण ज्याला सावली समजून घ्यायची आहे तो पृथ्वीबाहेर उभा नसतो, अंगणात उभा असतो. म्हणून व्हिडिओचा मोठा भाग जमिनीवरूनच दाखवायचा असं ठरवलं. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे दक्षिण आणि उजवीकडे उत्तर येते. फळ्यावर एक आडवी रेघ म्हणजे जमीन, मधोमध उभी काठी, दोन टोकांना ‘दक्षिण’ आणि ‘उत्तर’. पूर्ण दिवसभराची सावली दाखवायची नाही. फक्त भर माध्यान्हीची, पण वर्षातल्या वेगवेगळ्या दिवशींची.

एक मीटर काठी धरून पुण्याचे आकडे काढले. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. 22 डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या 23.4 अंश दक्षिणेला असतो, म्हणजे पुण्याच्या डोक्यापासून जवळजवळ 42 अंश दक्षिणेकडे उतरलेला. त्या दिवशी माध्यान्हीची सावली 90 सेंटिमीटर पडते. 21 मार्चला ती 33 सेंटिमीटर. 13-14 मेला शून्य. आणि 21 जूनला सूर्य डोक्यावरून पुढे उत्तरेकडे पाच अंश गेलेला असतो, त्यामुळे सावली साडेआठ सेंटिमीटर आणि तीही दक्षिणेला. फळ्यावर काठी 400 पिक्सेल उंच घेतली, तर सावल्या 360, 134, 0 आणि 34 पिक्सेल. अंदाजाने काढल्या असत्या तरी चाललं असतं, असं सहकारी म्हणाले. मला ते पटलं नाही. मुलं स्क्रीनवर पट्टी लावून बघतात, आणि त्यांनी तशी ती लावावीच.

एकाच काठीवर चार सूर्य, चार किरण आणि तीन सावल्या, मधलं काहीही पुसायचं नाही. व्हाइटबोर्डची खरी ताकद इथे आहे. जुनं चित्र फळ्यावरच राहतं, त्यामुळे डिसेंबरची सावली लक्षात ठेवायचं काम मुलाच्या डोक्यावर पडत नाही. उजवीकडची लांब सावली आखडत जाते, संपते आणि मग डावीकडे डोकावते. हे सगळं काठीच्या भागाच्या शेवटच्या चौकटीत एकदमच दिसतं.

आता आवाज. तो आधी रेकॉर्ड केला, चित्र नंतर बसवलं. उलट केलं की बोलणं चित्राच्या मागे धावतं आणि मध्ये उगाच ‘तर आता आपण’ घुसतं. रविवारी पहाटे, पंखा बंद करून, जाड चादरीखाली मोबाइल धरून बोलले. मजकूर साधारण 350 शब्दांचा होता. मिनिटाला शंभर शब्द हा वेग वाचताना फार संथ वाटतो, पण चित्र उमटत असताना तोच बरोबर ठरतो. मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये आवाज लावून, ज्या शब्दाला चित्र सुरू व्हायला हवं त्या शब्दाशी Ctrl+M दाबून खूण करत गेले. या खुणा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात:

```
14.200000	14.200000	काठी
21.600000	21.600000	सूर्य डिसेंबर
24.900000	24.900000	किरण
28.300000	28.300000	सावली
```

दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या चित्रासाठी मिळालेला वेळ. सूर्याला 3.3 सेकंद मिळाले, तर 2 सेकंद रेखाटायला आणि उरलेले नुसते थांबायला. हे थांबणं खाऊन टाकू नये. हात उजव्या बाजूने येतो आणि पेनाच्या टोकाखालचा, उजवीकडचा भाग झाकतो. डिसेंबरची सावली नेमकी उजवीकडे जाते, म्हणजे हात तिच्यावरच आडवा. हात बाजूला झाल्यावर सावली नीट दिसायला दीड सेकंद तरी हवा.

चित्रं इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये काढली, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. पहिल्यांदा कागदावर काढून फोटो घेतला आणि फोटोवरून रेघा बनवणारं Trace Bitmap वापरलं. चित्र स्क्रीनवर छान दिसत होतं, पण व्हिडिओत हात काठीच्या एका कडेने वर जायचा आणि दुसऱ्या कडेने खाली यायचा. कारण साधं आहे. नेहमीच्या ट्रेसला काळी रेघ ही रेघ म्हणून दिसत नाही, तो एक बारीक काळा आकार असतो, आणि प्रोग्राम त्या आकाराची कड गिरवतो. व्हाइटबोर्डचं सॉफ्टवेअर मग तीच कड फिरून येतं. हे ओळखायची खूण म्हणजे इंकस्केपमध्ये View मेनूतून Outline दृश्य लावायचं. जिथे एक रेघ हवी तिथे दोन समांतर रेघा दिसल्या की समजावं. Stroke to Path ही आज्ञा चुकून दिली तरी नेमकं हेच होतं. नवीन आवृत्त्यांत ट्रेस करताना रेघेचा मध्य धरायचा पर्याय आहे, पण त्यात कोपरे वेडेवाकडे येतात. शेवटी फोटो खाली ठेवून पेन्सिलच्या साधनाने वरून रेघा गिरवल्या. चित्रं कमी होती, म्हणून ते जमलं.

रेघा झाल्यावर उरतो त्यांचा क्रम आणि त्यांची दिशा. सॉफ्टवेअर सर्वांत खालच्या थरातली वस्तू आधी काढतं, म्हणून Objects पॅनेलमध्ये जमीन तळाला, मग काठी, मग सूर्य, किरण, सावली असं रचलं. दिशेचा प्रश्न जास्त नाजूक आहे. मी काही किरण जमिनीकडून वर ओढले होते, आणि व्हिडिओत हात काठीपासून सूर्याकडे निघाला! प्रकाश असा उलटा जाताना दाखवून कसं चालेल? असा किरण निवडून Path मेनूतलं Reverse दिलं की हात सूर्याकडून निघतो, काठीच्या टोकाला घासतो आणि जमिनीला टेकतो. मग सावली काठीच्या पायथ्यापासून सुरू होऊन त्याच टेकलेल्या बिंदूपाशी थांबते. सावली तिथेच का संपते, हे वेगळं सांगावं लागलं नाही. मजकुरातली दोन वाक्यं मी यामुळे काढून टाकली.

मराठी अक्षरांचंही असंच. फाँटमधलं ‘दक्षिण’ टाकलं तर हात प्रत्येक अक्षराची कड फिरतो, आणि क्ष तर कोळ्याचं जाळं वाटतो. म्हणून चारपाच शब्द हाताने लिहिले. आधी अक्षरं, मग काना-वेलांटी आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एक शिरोरेषा, जशी वहीत देतो तशी. बाकीच्या ठिकाणी फक्त तारखा.

पृथ्वीचं चित्र शेवटच्या मिनिटात आणलं, फळा पुसून. त्यात सूर्य मुद्दाम काढला नाही. पृथ्वी एक सेंटिमीटर काढली तर सूर्य एक मीटरहून मोठा आणि सुमारे 117 मीटर लांब काढावा लागेल. जवळ काढलेल्या सूर्याकडून पसरत जाणारे किरण बघूनच मुलांची समजूत होते, की पृथ्वीच्या ज्या भागाला सूर्य जवळ तिथे तो डोक्यावर. म्हणून फळ्याच्या डाव्या कडेकडून फक्त समांतर रेघा आल्या. उत्तर ध्रुव त्या रेघांकडे कललेला, म्हणजे जून. मग एक जाड ठिपका, जिथे किरण सरळ उभा पडतो ती जागा. ती वर्षभर कर्कवृत्त ते मकरवृत्त अशी वरखाली सरकते आणि पुण्यावरून दोनदा जाते, एकदा वर जाताना, एकदा परतताना. दिल्ली 28.6 अंशावर असल्यामुळे ती तिथवर पोचतच नाही. आपला महाराष्ट्र मात्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे एकही गाव सुटत नाही.

पहिली प्रत आठवीच्या वर्गात दाखवली आणि एकच प्रश्न विचारला. 1 जूनला पुण्यात माध्यान्हीची सावली कुठे पडेल? ‘उत्तरेला’ असा एकमुखी आवाज आला. एक मुलगी म्हणाली, “बाई, शून्य झाली ना, मग परत वाढणार. आधी होती तिकडेच वाढणार.” तिचं म्हणणं चित्राला धरूनच होतं. जूनचा सूर्य, किरण आणि सावली मी अडीच सेकंदांत उरकले होते, कारण माझ्या लेखी मुख्य गोष्ट मेमध्येच संपली होती. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर 34 पिक्सेलची सावली दिसतच नव्हती.

मग तो तुकडा नव्याने केला. मेच्या सूर्यानंतर चार सेकंद पूर्ण शांतता. हात नाही, आवाज नाही, फक्त माथ्यावर मेचा सूर्य आणि त्याची नवी सावलीच नाही. त्यानंतर, “उद्या सूर्य इथेच थांबेल का?” एवढंच वाक्य. सूर्य काठीच्या माथ्यावरून उजवीकडे सरकलेला, किरण उजवीकडून डावीकडे उतरतो आणि सावली डाव्या बाजूला पडते. रेघांची जाडी 5 वरून 8 पिक्सेल केली आणि दक्षिणेची सावली तेवढी लाल. लाल रंग पूर्ण व्हिडिओत दुसरीकडे कुठेच नाही. दुसऱ्या तुकडीला ही प्रत दाखवली तेव्हा बहुतेकांनी दक्षिण सांगितलं, आणि ‘किती दिवस अशी पडेल?’ हा पुढचा प्रश्नही मुलांकडूनच आला. जुलैअखेरपर्यंत.

वेळेचा उल्लेख शेवटच्या चौकटीत ठेवला, कारण मुलं बरोबर बारा वाजता अंगणात जातील आणि सावली बघून नाराज होतील. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं, पुणे 73.85 वर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य सुमारे 35 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेच्या मध्याला सूर्य घड्याळापेक्षा पावणेचार मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की 12 वाजून 31 मिनिटं. फळ्यावर फक्त 12:31 लिहिलं, हिशेब नाही लिहिला.

नागपूरच्या एका शिक्षक मैत्रिणीने ही फाइल मागितली. तारीख 26 मे करायची आणि वेळ 12:10 च्या सुमारास, एवढ्यावर भागेल असं आधी वाटलं होतं. पण नागपूर कर्कवृत्ताच्या बरंच जवळ आहे. तिथे 21 जूनला सूर्य डोक्यापासून जेमतेम सव्वादोन अंश पुढे जातो आणि मीटरभर काठीची सावली चारच सेंटिमीटर पडते. फळ्यावर 16 पिक्सेल, म्हणजे 8 पिक्सेलच्या रेघेत नुसता लाल डाग. तिच्यासाठी जूनच्या तुकड्यात काठीच्या पायथ्याची जागा मोठी करून शेजारी वेगळी काढून दिली आहे.