आठ नव्हे, पंधरा जून

"सगळे कागद फायलींत असतातच, मग हँडओव्हर नोटमध्ये वेगळं काय लिहायचं, सर?"

फोंड्याजवळच्या एका साइटचं सांगतो. तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्याचा स्लॅब 18 मे रोजी ओतलेला, आणि 4 जूनला मला म्हापशाच्या कामावर जायचं होतं. माझ्या जागी येणारी इंजिनियर हुशार. फायली तिने एका दिवसात वाचून काढल्या असत्या आणि तरीही फसली असती.

कारण असं. हॉलवरचा बीम सहा मीटरहून लांब आहे. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे अशा बीमखालचे टेकू 21 दिवस ठेवायचे, म्हणजे 8 जून. ओतकामाच्या कार्डावर तारीख 18 मे, भिंतीवरच्या तक्त्यात 21 दिवस. हिशोब कोणीही करील. पण ते 21 दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटचे. आम्ही वापरलं पीपीसी, राख मिसळलेलं. त्याची ताकद सुरुवातीला सावकाश चढते. शिवाय वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग याच स्लॅबवर उभं राहणार. म्हणून डिझायनरने मला फोनवर सांगितलं, की पूर्ण 28 दिवस टेकू हलवू नका आणि त्या दिवशी काँक्रीटच्या नमुना-क्यूबच्या ताकदीचा निकाल बघूनच काढा. म्हणजे 15 जून. हे कुठल्याच फायलीत नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. आणि सेंट्रिंगवाल्याला तेच टेकू दुसऱ्या साइटवर हवे होते. आठ तारखेला सकाळी तो तिच्यासमोर उभा राहणार, "मॅडम, एकवीस दिवस झाले," हे मला आताच दिसत होतं.

तर नोटची पहिली ओळ मी अशी लिहिली: "हॉलचा बीम, टेकू 15 जूनपूर्वी काढायचे नाहीत. कारण: पीपीसी, वरचा स्लॅब. सांगितलं कोणी: डिझायनर, फोनवर. क्यूबचा निकाल आल्यावर त्यांचं लेखी घ्यायचं." कारण लिहायलाच हवं. नुसती तारीख दिली, तर माणूस घासाघीस करणाऱ्यासमोर दोन दिवस कमी करतो. कारण ठाऊक असलं की तो डिझायनरला फोन लावतो. त्याच संध्याकाळी मी डिझायनरला मेल करून ते बोलणं कागदावर आणलं. खरं तर ते मेमध्येच करायला हवं होतं.

दुसरं कलम लिहायला जड गेलं. मागच्या चिऱ्याच्या भिंतीचा पाया मऊ माती लागल्यामुळे नकाशापेक्षा खोल गेला. ठेकेदाराशी तोंडी ठरलं की जादा खोदाईचं बिल देऊ. खड्डा भरण्यापूर्वी माप घेतलं, फोटो काढले, पण मापाच्या वहीत दोघांच्या सह्या राहिल्या. ही चूक माझी. ती झाकली असती, तर पुढच्या बिलाला ठेकेदार जो आकडा सांगेल त्यावर तिला एकटीला भांडावं लागलं असतं. मी लिहिलं: शब्द दिलेला आहे, सही नाही, फोटो अमुक फोल्डरमध्ये, आणि मी जायच्या आत तिघांनी बसून सही घ्यायची. ती सही तीन तारखेला झाली.

मला स्वतःला पूर्वी एकदा एक जाडजूड नोट मिळाली होती. नकाशांची यादी, पुरवठादारांचे नंबर, सगळं सुबक. मालकाला स्वयंपाकघराचा ओटा दुसऱ्या भिंतीला सरकवून देतो असं सांगितलेलं, तेवढंच नव्हतं. मी नकाशाप्रमाणे ओटा बांधला आणि मग फोडला. तेव्हापासून नंबरांची यादी मी शेवटच्या पानावर टाकतो.

माणसांविषयी मतं लिहू नयेत, असं मला वाटतं. "सिमेंटवाला लबाड" हे वाचून तिला काय करायचं ते कळत नाही, आणि नोट फिरत फिरत त्याच्याच हातात गेली तर काम बसलं. "पोती उतरताना मोजा, मगच पावतीवर सही" एवढ्याने भागतं.

लिहून झाल्यावर नोट तिच्या हातात दिली आणि साइटवर पुढे तिला चालू दिलं. मी मागे, तोंड बंद ठेवून. जिथे ती थांबून माझ्याकडे वळून बघेल, तिथे नोट अपुरी. टेकूंपाशी ती थांबली नाही. भिंतीपाशी नाही. वर गेल्यावर मात्र वळली.

"सर, क्युरिंगला पाणी कुठून येतं?"

विहीर एप्रिलपासून खालावली होती, टँकर यायचा, आणि त्याला आदल्या संध्याकाळी सांगावं लागायचं. रविवारी तो येत नाही, म्हणून शनिवारी दोन मागवायचे. पावसाचा अजून भरवसा नव्हता. ही रोजची गोष्ट असल्याने मला लिहायला सुचलंच नव्हतं. तिने स्वतःच्या पेनने ती ओळ समासात लिहिली.