व्हीएमसी कधी सुरू झालं, यावर घसारा ठरतो: आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा अनुभव

कोल्हापूरला शिरोलीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगचं मशीनिंग आम्ही जॉबवर्कवर करतो. दादा आणि मी भागीदार. 2024 च्या सुरुवातीला दोन सीएनसी टर्निंग सेंटर आणि एक व्हीएमसी, म्हणजे उभं मशीनिंग सेंटर, घ्यायचं ठरलं. मुदत कर्जासाठी बँकेने पाच वर्षांचे अंदाज मागितले. विक्री, मजुरी, वीज हे आकडे मी हिशेबाने मांडले. भांडवली खर्च आणि घसारा मात्र मी एकाच ओळीत उरकला, आणि फाइल तिथेच अडली.

माझी पहिली मांडणी अशी होती. मशीनं, कॉम्प्रेसर आणि क्रेन मिळून 90 लाख, त्यावर 18% जीएसटी म्हणजे 106.2 लाख. वाहतूक, फाउंडेशन आणि उभारणीचे 4, शेड वाढवायचे 20, संगणक आणि कॅम सॉफ्टवेअरचे 3. एकूण 133.2 लाख. त्यावर सरसकट 15% घसारा, म्हणजे पहिल्या वर्षी 19.98 लाख. बँकेच्या क्रेडिट ऑफिसरांनी तो कागद पाहिला आणि विचारलं, "यातलं कुठलं मशीन कुठल्या महिन्यात सुरू होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आमच्या सीए मॅडमबरोबर दोन संध्याकाळी बसून सगळं नव्याने केलं.

मॅडमनी घसाऱ्याला हात लावू दिला नाही. आधी फक्त खर्चाची यादी, आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी: पैसे कोणत्या महिन्यात जाणार, ती वस्तू वापरात कधी येणार, आणि त्यातला किती भाग खरोखर मालमत्तेची किंमत आहे.

तिसऱ्या प्रश्नावरच माझी सगळ्यात मोठी चूक सापडली. मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट आम्ही घेणार होतो. जी रक्कम क्रेडिट म्हणून परत मिळते तिच्यावर घसारा लावता येत नाही. दोन्ही घेतलं तर क्रेडिट नाकारलं जातं. त्यामुळे मशीनची किंमत 90 लाखच. शेडचं उलट आहे. कारखान्याच्या इमारतीच्या बांधकामावरचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातला जीएसटी शेडच्या किमतीतच राहतो. माझ्या 20 लाखांत तो आधीच धरलेला होता.

पण मशीनवरचा जीएसटी किमतीतून काढला म्हणून तो द्यावा लागत नाही असं नाही. साधारण 16 लाख रुपये बिलाबरोबरच द्यायचे होते, आणि ते आमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून महिन्या-महिन्याने वळते होणार होते. भांडवली वस्तूंवरच्या क्रेडिटचा रोख परतावा जॉबवर्कवाल्याला सहसा मिळत नाही, ते खात्यात पडून राहतं आणि हळूहळू वापरलं जातं. मॅडमनी त्याची रोखीच्या तक्त्यात वेगळी ओळ केली आणि तेवढे पैसे कुठून आणणार ते आम्हाला तिथल्या तिथे लिहायला लावलं. ही ओळ नसती तर डिलिव्हरीच्या दिवशी आम्ही 16 लाखांना अडकलो असतो.

मग किमतीत काय मिळवायचं ते पाहिलं. मशीनसाठी खास केलेलं काँक्रीट फाउंडेशन, वाहतूक आणि उभारणी हे सगळं मशीनच्याच किमतीत जातं. मी फाउंडेशन शेडमध्ये टाकलं होतं. शिवाय मशीन सुरू होईपर्यंतचं कर्जाचं व्याज, अंदाजे 2 लाख, हेही किमतीत. मशीन चालू झाल्या दिवसापासूनचं व्याज मात्र नफा-तोट्यात. अशी यंत्रसामग्री 96 लाख, शेड 20, संगणक 3, एकूण 119 लाख झाले. 84 लाख बँकेचे, 35 आमचे.

आता घसारा. भागीदारी फर्म असल्यामुळे आम्ही वह्यांतही आयकराचेच दर वापरतो: यंत्रांना 15%, कारखान्याच्या इमारतीला 10%, संगणक आणि सॉफ्टवेअरला 40%. दर वर्षी तो घटत्या शिलकेवर लागतो, आणि एका दराची सगळी मालमत्ता एका ब्लॉकमध्ये धरतात. याच उद्योगनगरीतल्या माझ्या एका मित्राची प्रायव्हेट लिमिटेड आहे. त्याला दोन तक्ते करावे लागले. आयकराचा हा, आणि कंपनी कायद्याचा दुसरा. तिथे सर्वसाधारण यंत्रांचं आयुष्य 15 वर्षं आणि शेवटची किंमत 5% धरतात, म्हणजे सरळ रेषेने वर्षाला 6.33%, आणि दोन शिफ्ट चालवल्या तर त्या काळापुरता दीडपट.

आमच्या तक्त्यातली खरी गुंतागुंत तारखांची होती. मालमत्ता त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच दर मिळतो. 31 मार्चपासून मागे मोजलं तर ही रेघ 3 ऑक्टोबरला येते (लीप वर्षाचा फेब्रुवारी मध्ये आला तर 4 ऑक्टोबरला). आणि मोजायचं ते बिलाच्या तारखेपासून नाही, वापरात आणल्याच्या तारखेपासून. शेड, दोन्ही सीएनसी, कॉम्प्रेसर, क्रेन आणि संगणक सप्टेंबरमध्ये सुरू होणार होते. व्हीएमसीचा पुरवठादार जानेवारी म्हणत होता. म्हणून 96 लाखांचे दोन भाग केले: सप्टेंबरचे 57 आणि जानेवारीचे 39, खर्च आणि व्याजाचा वाटा धरून.

पहिलं वर्ष, 2024-25: 57 लाखांवर 15% म्हणजे 8.55, 39 लाखांवर 7.5% म्हणजे 2.93, शेडवर 2, संगणकावर 1.2. एकूण 14.68 लाख. माझे आधीचे 19.98 कुठे आणि हे कुठे!

एक्सेलमध्ये यंत्रांची ओळ अशी ठेवली: B मध्ये सुरुवातीची शिल्लक, C मध्ये 180 दिवस किंवा जास्त वापरातली भर, D मध्ये त्याहून कमी, E मध्ये विकलेल्या मशीनची रक्कम, F मध्ये घसारा आणि G मध्ये अखेरची शिल्लक.

```
F5: =(B5+C5-E5)*15%+D5*7.5%
G5: =B5+C5+D5-E5-F5
B6: =G5
```

आमच्या तक्त्यात E रिकामाच होता. विक्रीची रक्कम B आणि C च्या बेरजेपेक्षा जास्त झाली तर हे सूत्र पुरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या वर्षी 84.53 लाखांवर पूर्ण 15%, म्हणजे 12.68, शेडवर 1.8, संगणकावर 0.72. एकूण 15.20. म्हणजे दुसऱ्या वर्षी घसारा वाढतो. घटत्या शिलकेची पद्धत असूनही असं का, हे क्रेडिट ऑफिसरांनी विचारलंच, आणि व्हीएमसीचं निम्मं वर्ष दाखवून उत्तर देता आलं. तिसऱ्या वर्षी तो 12.83 वर उतरतो. उत्पादन करणाऱ्या फर्मला नव्या यंत्रांवर 20% अतिरिक्त घसाराही मिळू शकतो, पण मॅडमनी तो अंदाजात धरला नाही. "विवरणपत्र भरताना मिळाला तर कर वाचेल, त्याच्या भरवशावर हप्ता दाखवू नका," म्हणाल्या. मला ते पटलं.

घसारा चुकला तर नेमकं काय बिघडतं, हे मला दुसऱ्या वर्षाचा हिशेब हाताने केल्यावर कळलं. आमचा पगार धरून सगळे खर्च वजा जाता 36 लाख उरतात. त्यातून व्याज 8 आणि घसारा 15.20 गेला की नफा 12.80. फर्मला 31.2% कर, म्हणजे 3.99, हातात नफा 8.81. हप्त्याची ताकद काढताना घसारा आणि व्याज परत मिळवतात, कारण घसाऱ्याचे पैसे कुणाला दिलेले नसतात. 32.01 लाख होतात. द्यायचे आहेत व्याज 8 आणि मुद्दल 16.80, मिळून 24.80. डीएससीआर, म्हणजे हप्त्याची ताकद भागिले द्यायची रक्कम, 1.29. माझ्या जुन्या घसाऱ्याने हेच 1.31 येत होतं. घसारा वजा करून पुन्हा मिळवतो, त्यामुळे रोखीवर त्याचा परिणाम फक्त करातून होतो. फुगवलेला घसारा म्हणजे कमी दाखवलेला कर. फरक लहान आहे, पण तो आपल्या बाजूने चुकलेला असतो, आणि बँकेच्या माणसाला असलाच फरक आधी दिसतो.

यापेक्षा मोठी चूक चौथ्या वर्षात निघाली. विक्री मी दर वर्षी वाढवत नेली होती. क्रेडिट ऑफिसरांनी ती मशीन-तासांत मांडून बघायला सांगितलं. तीन मशीनं, 16 तास, 300 दिवस म्हणजे वर्षाला 14,400 तास, तेही सेटिंग आणि बिघाड न धरता. माझ्या चौथ्या वर्षाच्या विक्रीला 15,500 तास लागत होते! विक्री वाढत होती आणि भांडवली खर्चाच्या ओळीत पहिल्या वर्षानंतर शून्य होतं. असं दिसलं की अंदाज चुकलाय हे नक्की समजावं.

दादा म्हणाला, "विक्री कमी कर, नाहीतर मशीन दाखव." आम्ही चौथ्या वर्षी जूनमध्ये 25 लाखांचं तिसरं सीएनसी धरलं. त्या वर्षीचा घसारा मग 14.63 लाखांवर गेला. ते 25 लाख रोखीतून निघणार नव्हते. दुसऱ्या वर्षी हप्ता भरून साधारण 7 लाखच उरत होते. म्हणून त्या मशीनचं वेगळं कर्ज, त्याचं व्याज आणि हप्तेही तक्त्यात आले.

शेवटी तीन ठिकाणी जुळवून पाहिलं. घसाऱ्याच्या तक्त्यातली भर आणि रोखीच्या तक्त्यातला भांडवली खर्च. तिथला घसारा आणि नफा-तोट्यातला. अखेरची शिल्लक आणि ताळेबंदातली स्थिर मालमत्ता. पहिल्यांदा ताळेबंद 2 लाखांनी जुळेना. किमतीत मिळवलेलं व्याज मी नफा-तोट्यातही खर्ची टाकलं होतं.

कर्ज मंजूर झालं. सीएनसी सप्टेंबरात सुरू झाली. व्हीएमसी मात्र मार्चच्या शेवटी आलं आणि पहिला जॉब त्यावर निघाला 12 एप्रिलला. मशीन शेडमध्ये उभं होतं तरी 2024-25 मध्ये त्यावर घसारा नाही. 31 मार्चच्या ताळेबंदात त्याची रक्कम अपूर्ण भांडवली काम म्हणून दिसली. त्या वर्षीचा घसारा 11.75 वर आला. वाढलेल्या काळाचं साधारण 70 हजार व्याज किमतीत गेलं, आणि पुढच्या वर्षीचा घसारा पूर्ण दराने 15.74 झाला. तक्त्यात 39 लाख एका ओळीच्या D मधून पुढच्या ओळीच्या C मध्ये हलवले आणि त्यात ते 70 हजार मिळवले, बाकी आकडे आपोआप बदलले. बँकेचा पहिला हप्ता मात्र ठरल्याप्रमाणे एप्रिलमध्येच गेला, मुद्दलाचे 1.40 लाख आणि वर व्याज.