पाचचा गजर, साडेपाचचं उठणं

"साडेपाचलाच उठायचं असतं, मग पाचचा गजर कशाला लावतेस? सगळ्या घराची झोपमोड!"

कारण गजर झाला की मी नुसती जागी होते. भानावर यायला मला वेळ लागतो. याला आळस म्हणणाऱ्यांना ती रात्र सांगते.

मी साडेअकराला झोपले होते. एकच्या सुमारास आईने हाक मारली. तिला धाप लागली होती. मी ताडकन उठले, दिवा लावला, फोन हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. १०८ लावायचा हे ठाऊक होतं, पण स्क्रीनवरच्या आकड्यांचा अर्थच लागेना. "अगं, बघतेस काय?" हे आईचं बोलणंही ऐकू आलं. भाऊ सेकंड शिफ्टहून नुकताच आलेला, जागाच होता. त्याने माझ्या हातून फोन हिसकावला. आई सुखरूप घरी आली. भाऊ मात्र अजून म्हणतो, "तू ढिम्म उभी होतीस."

हो, होते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. त्यातून एकदम उठवलं की मेंदूतले जागं ठेवणारे आतले भाग आधी सुरू होतात, आणि विचार करून ठरवणारा कपाळामागचा भाग मागाहून. याला स्लीप इनर्शिया म्हणतात. ही ग्लानी बहुधा अर्ध्या तासात उतरते, झोप अपुरी असेल तर जास्त रेंगाळते. मी ढिम्म होते, बेफिकीर नव्हते.

आता स्नूझबद्दल. पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचे की सारा दोष त्या बटणाचा. २०२३ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी स्नूझची सवय असलेल्या ३१ जणांना तपासलं. अर्ध्या तासाच्या स्नूझने त्यांची झोप सरासरी सहाच मिनिटं घटली आणि उठल्यावरच्या चाचण्यांत तोटा दिसला नाही. पण माणसं थोडी, तीही सवयीची. त्यामुळे जुनं मत सोडलं, तरी स्नूझ चांगलंच असं मी म्हणणार नाही.

कर्कश गजर मात्र काढला. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाच्या २०२० च्या पाहणीत सुरेल चालीवर उठणाऱ्यांनी सुस्ती कमी असल्याचं सांगितलं. ते त्यांनी स्वतःच सांगितलेलं, मोजलेलं नाही, हे खरं. माझ्या खोलीतला दिवा साडेचारपासून हळूहळू उजळतो, पाचला बासरी वाजते, मी पडून राहते. गॅस पेटवणं, स्कूटर काढणं साडेपाचनंतर. आदल्या रात्री एकपर्यंत जागरण झालं असेल, तर दिवा आणि बासरी दोन्ही फुकट जातात. तेव्हा घरच्यांनी मला सहापर्यंत काही विचारू नये.