दुसरं पत्र

पहिलं पत्र मी पाच मिनिटांत लिहून मोकळा झालो होतो. मुलगी औसा तालुक्यातली, सातवीतली. शाळेची वेळ झाली की पोटात कळ, मळमळ, छातीत धडधड. रविवारी मात्र ठणठणीत. लातुरात सोनोग्राफी झाली, गावात अंगारे-धुपारेही झाले. वर्गात उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की तिचा आवाजच फुटायचा नाही. निदान तीव्र चिंताविकाराचं. आईवडिलांना विचारून मी शाळेला लिहिलं, 'तिला वर्गात प्रश्न विचारू नयेत, ताण देऊ नये.'

सहा आठवड्यांनी वडील म्हणाले, "साहेब, तुमच्या चिठ्ठीपासून लेकरू जास्तच गप झालंय. हजेरीला 'हजर'बी म्हणत नाही."

तिथूनच वर्गशिक्षिकेला फोन लावला. "सर, तुम्हीच लिहिलंत ना? आम्ही काहीच विचारत नाही तिला. मागच्या बाकावर बसते. पोरं म्हणतात, हिला डॉक्टरची सूट आहे."

चूक माझीच होती. भीतीची गोष्ट टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच वाचलो अशी मनाची खात्री पटते. पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. माझ्या तपासणीच्या खोलीत मी तिला भीतीची एकेक पायरी चढायला शिकवत होतो आणि माझंच पत्र शाळेतल्या पायऱ्या काढून घेत होतं.

बाहेर रांग होती, तरी बाईंना फोनवर ठेवूनच दुसरं पत्र लिहायला घेतलं. जागा दुसऱ्या बाकावर, मैत्रिणीशेजारी. वाचन बंद नाही, पण अचानकही नाही: कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगायचं. पहिले दोन आठवडे मधल्या सुट्टीत फक्त बाईंसमोर दोन ओळी, पुढचे दोन आठवडे तीन मैत्रिणींसमोर, मग वर्गात जागेवर बसून, शेवटी उभं राहून. घाबरं झालं तर पिवळं कार्ड बाकावर ठेवून पाच मिनिटं बाहेर जायचं, पाणी प्यायचं आणि परत त्याच तासाला येऊन बसायचं; घरी पाठवायचं नाही. आवाज अडकला तर बाईंनी दहा सेकंद थांबायचं, वाक्य स्वतः पुरं करायचं नाही. (हे शिक्षकांना फार जड जातं. मलाही जातं.) आजाराचं नाव शाळेला लागेल तेवढंच, घरातल्या गोष्टी एकही नाहीत. आणि खाली तारीख: आठ आठवड्यांनी या सवलती तपासून कमी करायच्या. पहिल्या पत्रात तारीखच नव्हती.

लिहिलेलं मी मुलीला वाचून दाखवलं. पहिल्या वेळी हे सुचलंच नव्हतं. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग बोट ठेवून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "मैत्रिणींचं तीन आठवडे करा. आणि तीन नको, दोघीच."

मी खोडून तसं केलं. बाई फोनवर ऐकतच होत्या. "कोणत्या दोघी, बाळा?" त्यांनी विचारलं. तिनं दोन नावं सांगितली. त्या दिवशी तिच्या बाईंशी ती पहिल्यांदाच बोलली होती.